देवबागच्या चार खोल्या: गणपती, दिवाळी, ३१ डिसेंबर आणि पावसाळा, दर कसे ठेवावेत?

सुरंगी | २० जून

नमस्कार मंडळी. देवबागला (मालवण) आमचा होमस्टे आहे. चार खोल्या, चारही एसी, अंगणातून खाडी दिसते. जेवण वेगळं, थाळीप्रमाणे. सासूबाई आणि मी स्वयंपाक बघतो, सफाईला एक बाई येतात. त्यांना खोलीमागे पैसे देतो, महिन्याचा पगार नाही.

आतापर्यंत वर्षभर एकच दर होता, २२००. मे महिन्यात फोनवर जमेल तसे दोन-तीनशे वाढवायचे, पावसात कोणी मागितले तर कमी करायचे. आता दोन अ‍ॅपवरही खोल्या टाकल्यात आणि तिथे तारखेवार दर भरावे लागतात. धाकट्या दिराचं म्हणणं, गणपती, दिवाळी, नाताळ आणि मे, या सगळ्याला दर दुप्पट कर आणि जून ते सप्टेंबर निम्मा. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाही. तुम्ही काय करता?

लाटकर | २० जून

दीर बरोबर सांगतायत. मागणी जास्त तिथे दर जास्त, विमानवाले तेच करतात. मूळ दर २२०० धरा. सणाला ४४००, पावसाळ्यात ९९९. हजाराच्या आत ठेवलंत की जीएसटीही लागत नाही. पावसात खोली रिकामी ठेवून काय मिळणार? शून्य. त्यापेक्षा ९९९ बरे की नाही?

गणपतीला तर अख्खी मुंबई कोकणात उतरते. रेल्वेचं तिकीट मिळत नाही, हायवे जाम. मी तर म्हणेन त्या आठवड्यात ५००० लावा.

खाडीपलीकडे | २० जून

लाटकरांनू, मुंबई उतरता ती आपापल्या घराक उतरता. चाकरमानी पैसे देवन खोली कित्याक घेतलो? त्याचा घर आसा, भाऊबंद आसत, नसला तर मामाकडे. गणपतीत घर आमचा, पावण्यांचा नाय. सुरंगीबाय, तुझ्या चार खोल्यांत तेव्हा कोण निजतंत ता सांग आधी.

सुरंगी | २० जून

हा हा, खरंय. आमच्याकडे सात दिवसांचा गणपती. मुंबईहून दोन्ही नणंदा आणि चुलतसासरे येतात, चारही खोल्या त्यांच्याच. त्यामुळे दर दुप्पट काय नि दहापट काय, विकायला खोलीच उरत नाही.

हिशोबी | २१ जून

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला तीन खोल्या चालवतो, त्याआधी बरीच वर्षं हॉटेलच्या हिशोबखात्यात काढली. ताई, तुम्हाला दिराचं का पटत नाही ते मी सांगतो. ‘गर्दी’ आणि ‘गिऱ्हाईक’ एकच धरल्यामुळे हा घोळ होतोय. गणपतीत रस्त्यावर गर्दी असते, पण ती आपली नव्हे. वर त्या घरात मासळी शिजत नाही, आणि मालवणला येणारा पाहुणा निम्मा मासळीसाठी येतो. ते दिवस कॅलेंडरवर सरळ बंद करा. अ‍ॅपवर उघडे राहिले आणि एखाद्याने बुक केलं, तर नकार द्यावा लागतो आणि यादीत तुमचं नाव खाली जातं.

एक गोष्ट आजच करा. या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. गणपती गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होते, या वर्षी १४ सप्टेंबरला आहेत. लक्ष्मीपूजन गेल्या ऑक्टोबरात झालं, या खेपेला ८ नोव्हेंबर. गेल्या वर्षीच्या तारखा तशाच पुढे ओढल्या तर ऑक्टोबरातल्या रिकाम्या आठवड्याला दिवाळीचा दर लागेल आणि खरी दिवाळी साध्या दरात जाईल. अ‍ॅपमध्ये ‘मागील वर्षाप्रमाणे’ असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका.

आता ९९९ बद्दल. आधी एक खोली एका रात्रीला खाते किती ते मोजा. कर्जाचा हप्ता, रंगरंगोटी यातलं काही धरू नका. पाहुणा आला म्हणूनच जो खर्च होतो तेवढाच. माझा अंदाज असा: चादरी-टॉवेल धुलाई २००, सफाई १५०, एसी आणि गीझरची वीज १००, चहा-साबण-पाणी ५०. झाले ५००. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, ड्रायर असलेल्या लाँड्रीत पाठवावे लागतात, म्हणून ६०० धरा. अ‍ॅपने ९९९ मधून १८ टक्के कमिशन कापलं की हातात ८१९. सहाशे वजा केले की उरले दोनशे एकोणीस. त्या २१९ रुपयांसाठी सासूबाईंनी पावसात पहाटे उठून चहा करायचा.

तेव्हा लाटकरांचं ‘शून्यापेक्षा बरे’ गणिताने चुकीचं नाही, पण फार पुढे जात नाही. पगारी माणूस बसून असता तर सफाईचे १५० वाचले असते आणि चित्र थोडं बदललं असतं. ताईंच्या बाई खोलीमागे पैसे घेतात, म्हणून त्यांचा खर्च खोलीबरोबरच वाढतो.

लाटकर | २१ जून

ठीक. पण जीएसटी तरी वाचतो ना?

हिशोबी | २१ जून

नाही. हजाराच्या आतली सूट जुलै २०२२ मध्येच गेली. सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे. ताईंची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या खूप आत असणार. नोंदणी नसेल तर थेट आलेल्या पाहुण्याला कर लावायचा नाही. अ‍ॅपवरून आलेल्याला मात्र अ‍ॅपच तो कर लावून वसूल करतं, मग तुम्ही ९९९ ठेवा नाहीतर १५०० ठेवा. पाहुणा फोनवर म्हणतो, ‘अ‍ॅपवर १५७५ दिसतायत, तुम्ही १५०० सांगता,’ त्याचं कारण हे.

पुण्याची पाहुणी | २१ जून

तुम्ही सगळे मालकांच्या बाजूने बोलताय. आम्ही दर वर्षी कोकणात जातो. जुलैत बाराशेला मिळालेली खोली डिसेंबरात ५५००! तीच गादी, तोच पंखा, तेच गळकं बेसिन. याला लूट नाही तर काय म्हणायचं? आता मी जुलैचा स्क्रीनशॉट जपून ठेवते आणि डिसेंबरात मालकाला पाठवते.

खाडीपलीकडे | २१ जून

मग पुढे काय होता?

पुण्याची पाहुणी | २१ जून

काही जण पाचशे कमी करतात. एकाने ब्लॉक केलं.

हिशोबी | २१ जून

ताईंनी विचारलेल्या गोष्टीतलं हे फार महत्त्वाचं आहे, बरं झालं तुम्ही आलात. पावसाळ्यातला पडलेला दर पावसाळ्यात संपत नाही, तो पाहुण्याच्या फोनमध्ये डिसेंबरापर्यंत जगतो. म्हणून मी दर्शनी दर फारसा पाडत नाही, त्या पैशात जास्त देतो. पावसाळ्याचा दर १६०० ठेवा आणि ‘तीन रात्रींच्या पैशांत चार रात्री’ द्या. चार हजार आठशे आले. तोच पाहुणा चार रात्री राहिला तर चादरी रोज बदलायच्या नसतात. पहिल्या रात्रीचे ६०० आणि पुढच्या प्रत्येक रात्रीचे साधारण २५०, म्हणजे खर्च १३५०. थेट बुकिंग असेल तर ३४५० उरतात. ९९९ च्या चार सुट्या रात्रींत जेमतेम पावणेनऊशे उरले असते.

नागाववाला | २२ जून

मी अलिबागजवळ नागावला आहे. आमच्याकडे पावसाळा मंदा नाहीच मुळी. शनिवार-रविवार जुलैतही फुल्ल. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरतात, तासाभरात घरात. उलट मे महिन्यात उकाड्याने लोक दुपारीच परत जायचं म्हणतात. माझा दर सोम ते गुरू २५००, शुक्र-शनि ५५००, बारा महिने. तुम्ही लोक ऋतू-बितू कशाला बघता? वार बघा.

सुरंगी | २२ जून

दादा, तुमचं गिऱ्हाईक शनिवारी सकाळी ठरवून दुपारी पोचतं. आमच्याकडे मुंबईहून यायला रात्रभराचा प्रवास. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, स्कूबा बंद, आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी. पापलेट-सुरमई मिळाली तरी बर्फातली. दोन रात्रींसाठी एवढं लांब कोण येणार? आमच्याकडे जुलैत येतात ते गोव्याला जाता-येता थांबणारे नाहीतर लॅपटॉप घेऊन आठवडाभर राहणारे.

नागाववाला | २२ जून

हं. मग तुमचं वेगळं आहे. तरी वाराचा मुद्दा सोडू नका.

सुरंगी | २२ जून

नाही सोडत. लॅपटॉपवाल्यांना आठवड्याचा दर द्यावा असं मनात आहे, पण वारा सुटला की वीज जाते आणि वीज गेली की वायफाय. गेल्या पावसात एकाने याच कारणाने तिसऱ्या दिवशी उरलेले पैसे परत मागितले.

आता हिशोबीदादा, दोन गोष्टी विचारते. एक, ३१ डिसेंबर. लोक एका रात्रीसाठी ६००० द्यायला तयार आहेत. घ्यावेत का? दुसरी, आंगणेवाडीची जत्रा. तेव्हा फोनवर फोन येतात, पण त्या दिवसाचा दर आधी भरून ठेवायचा कसा?

हिशोबी | २३ जून

३१ डिसेंबर या वर्षी गुरुवारी आहे. सहा हजारांचा पाहुणा गुरुवारी दुपारी येईल आणि शुक्रवारी अकरा वाजता जाईल. तुमच्याकडे ५५०० उरतील. आता तीच खोली ३१, १ आणि २ अशा किमान तीन रात्रींसाठीच ठेवा, रात्रीला ३८००. येतात ११,४००. खर्च पहिल्या रात्री ५०० आणि पुढे दोनदा २५०, म्हणजे हजार. उरले १०,४००. दर रात्रीला बावीसशेने कमी दिसतो, ‘लूट’ म्हणायला जागा राहत नाही, आणि मिळतं जवळपास दुप्पट.

म्हणून मोठ्या गर्दीच्या दिवसांत मी दर ताणत नाही, रात्री बांधून घेतो. एका रात्रीचा पाहुणा तुमच्या सर्वांत महाग रात्रीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून जातो.

लाटकर | २३ जून

इथे मी अडवणार. १ जानेवारी शुक्रवार, २ शनिवार. एका रात्रीवाला गेला की शुक्र-शनिला दुसरं गिऱ्हाईक येईल. ६००० अधिक दोन रात्रींचे तीन-तीन हजार. बारा हजार झाले की! तुमच्या ११,४०० पेक्षा जास्त.

हिशोबी | २३ जून

आलं तर. यात चादरी दोनदा बदलाव्या लागतील, कमिशन बहुधा दोनदा जाईल, पण तरी जवळपास बरोबरी होते हे मान्य. माझा अनुभव असा की नव्या वर्षासाठी आलेला माणूस ३१ च्या आत पोचतो. १ तारखेला मुंबईहून निघणारा दुर्मिळ. नागावला कदाचित तुमचं गणित चालेल, देवबागला मी त्यावर पैसे लावणार नाही. तीन रात्रींची अट मात्र शेवटपर्यंत धरून बसायचं नाही. २० डिसेंबरला खोली मोकळी दिसली तर दोन रात्रींवर या.

या वर्षी २५ डिसेंबर शुक्रवारी आहे. २५, २६ भरतील, ३१ पासून भरेल, मधल्या २८, २९, ३० रिकाम्या राहतील. त्या तीन रात्रींना नाताळचा दर लावू नका. २८ ला येऊन १ ला जाणाऱ्यासाठी त्या स्वस्त ठेवा, म्हणजे दोन गर्दींमधली फट बुजते.

खाडीपलीकडे | २३ जून

आंगणेवाडीचा मी सांगतंय, आणि आता जरा शुद्धात लिहितो, नाहीतर पुण्याच्या पाहुणीला कळायचं नाही.

भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. कौल लावून ठरते आणि मग जाहीर होते. २०२४ ला २ मार्चला होती, २०२५ ला २२ फेब्रुवारीला. तारीख जाहीर झाली की मुंबईत एका तासात सगळ्यांना कळते. पण तोवर अ‍ॅपवर तुझे फेब्रुवारीचे शनिवार कोणीतरी २२०० ला घेतलेले असतात, आणि ते मोडता येत नाहीत. यावर उपाय एकच. फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात अ‍ॅपवर फक्त दोनच खोल्या उघड. उरलेल्या दोन फोनवाल्यांसाठी. तारीख ठरली की त्यांचा दर ठरव.

जत्रेचा पाहुणा वेगळा असतो हेही लक्षात घे. तो रात्रभर रांगेत असतो. पहाटे चारला येणार, न्हाणार, चार तास निजणार आणि जाणार. चौघांच्या खोलीत सात जण येतील. खोलीचा दर लावलास तर तुझं पाणीच संपेल. मी माणशी लावतो, आणि किती माणसं ते आगाऊ लिहून घेतो.

सुरंगी | २३ जून

माणशी किती?

खाडीपलीकडे | २३ जून

ता इथे नाय सांगूचंय. फोन कर.

पुण्याची पाहुणी | २४ जून

देवीला आलेल्यांकडूनही माणशी? बघा बाई.

खाडीपलीकडे | २४ जून

देवीक जेवढा द्यायचा तेवढा ते देवीक देतत. टँकरवालो माका फुकट पाणी देना नाय.

हिशोबी | २४ जून

दोन खोल्या राखून ठेवण्याची युक्ती उत्तम. फक्त दिवाळीला तसं करताना उशीर नको. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलंय. कुडाळ-कणकवलीचं तिकीट हातात आलं की त्याच दोन-तीन दिवसांत माणूस खोली शोधतो. भाऊबीज ११ नोव्हेंबरला बुधवारी आहे. आपल्याकडे गर्दी भाऊबीजेनंतर सुरू होते, त्याआधी माणूस घरच्या दिवाळीत असतो. १२ नोव्हेंबरची तिकिटं १३ सप्टेंबरच्या सुमारास उघडतील, म्हणजे नेमकी तुमच्या घरी गणपतीच्या आदल्या दिवशी, तेव्हा तुम्हाला फोनकडे बघायला वेळ नसेल. दिवाळीचे दर ऑगस्टातच भरून मोकळ्या व्हा.

सुरंगी | २४ जून

अरे देवा, हे डोक्यातच आलं नसतं.

हिशोबी | २४ जून

आता मला जे सर्वांत आधी सांगायला हवं होतं ते. सगळे सणाच्या दरावर भांडतात, पण दिवाळीचा आठवडा, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या मिळून खऱ्या गर्दीच्या रात्री वर्षात पंचवीसच्या आसपास. चार खोल्या धरल्या तर भरून भरून नव्वद खोल्या विकाल. त्यांचा दर ५०० ने वाढवला आणि एकही पाहुणा पळाला नाही, तरी वर्षाला ४५,००० वाढतात.

ऑक्टोबर ते मार्चमधले साधे शुक्रवार-शनिवार, सणाचे वगळून, चाळीस तरी निघतात. त्यातल्या निम्म्या रात्री तुमची चौथी खोली रिकामी असते असं धरू. ती २६०० ला भरली तर ५०० खर्च जाऊन २१०० उरतात. वीस रात्रींचे ४२,०००. सणाची दरवाढ जेवढं देते तेवढंच, आणि कुणाशी हुज्जत नाही. तेव्हा चौथी खोली का रिकामी राहते ते आधी बघा. माझ्याकडे कारण निघालं की ती खोली दोघांसाठी होती आणि येणारे चौघांचं कुटुंब. दोन जादा गाद्या घेतल्या आणि खोली चालू लागली.

नागाववाला | २४ जून

म्हणजे वारच बघितला शेवटी!

सुरंगी | २५ जून

आमची चौथी खोली मागच्या बाजूला आहे, तिथून खाडी दिसत नाही. फोटो बघून कोणी घेत नाही. तिला वेगळा दर ठेवावा का?

हिशोबी | २५ जून

ठेवा. तीनशे कमी, आणि ‘खाडी दिसत नाही’ असं स्पष्ट लिहा. लपवलंत तर पाहुणा दारात आल्यावर खोली बदलून मागतो, आणि रागाने लिहिलेलं परीक्षण चारही खोल्यांना चिकटतं.

सुरंगी | २५ जून

मी असं ठरवत्येय. मे महिना आणि सुट्टीचा एप्रिल २८००. हिवाळ्यात शुक्र-शनि २६००, इतर वारी १९००. दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ आणि ३१ डिसेंबर ३८००, ३१ ला तीन रात्रींची अट. पावसाळा १६००, तिनात चार. गणपतीचे सात दिवस बंद. मागची खोली सगळीकडे तीनशे कमी. परीक्षांमुळे फेब्रुवारी-मार्चचे मधले वार रिकामेच जातात, तिथे अजून काही सुचलेलं नाही.

अडलंय ते २ ऑक्टोबरला. या वर्षी शुक्रवार आहे, म्हणजे तीन दिवसांची सुट्टी. पण तो पितृपक्षात येतो. ३८०० लावू की २६००?

लाटकर | २५ जून

आजकाल मुंबईचा माणूस पितृपक्ष पाळून सहल रद्द करत नाही. ३८०० लावा.

खाडीपलीकडे | २५ जून

रद्द नाय करणत, पण आमच्याकडे येणारे निम्मे सासू-सासऱ्यांक घेवन येतत. म्हातारी माणसा पक्षात बाहेर पडनत नाय. आणि श्राद्धाक घरात कोणतरी लागताच.

नागाववाला | २५ जून

आमच्याकडे पितृपक्षातला लाँग वीकेंड भरतो. पण आमचे पाहुणे म्हणजे ऑफिसातल्या पोरांचे ग्रुप.

हिशोबी | २५ जून

मी ३२०० लावून दोन रात्रींची अट ठेवणार आहे आणि १५ सप्टेंबरला किती भरलं ते बघणार. नक्की सांगता येत नाही.

सुरंगी | २६ जून

१५ सप्टेंबरला मी मोदक वळत असेन दादा. तुमच्या खोल्या किती भरल्या ते इथेच लिहा, मी रात्री आरती झाल्यावर बघून दर बदलेन. आणि कुडाळला ड्रायर असलेली, चादरीमागे पैसे घेणारी लाँड्री कोणाला माहीत असेल तर सांगा, आमची मालवणची किलोवर घेते आणि ओल्या टॉवेलांचं वजन लावते.